आठ तासांपैकी किती तास?

ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ इन्फर्मरी या रुग्णालयात १२ फेब्रुवारी १९४१ रोजी अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला पेनिसिलिन टोचण्यात आले. चेहऱ्यावर सुरू झालेला संसर्ग डोक्यात, डोळ्यात आणि फुप्फुसात पोचला होता, एक डोळा काढावाही लागला होता. पहिला डोस २०० मिलिग्रॅमचा, त्यानंतर दर तीन तासांनी १०० मिलिग्रॅम. दिवसभरातच ताप उतरू लागला, रुग्ण जेवू लागला. पण जगात तेव्हा पेनिसिलिन होतेच किती! हॉवर्ड फ्लोरी यांच्या चमूने अलेक्झांडरची लघवी गोळा करून, तिच्यातून पेनिसिलिन वेगळे काढून त्यालाच पुन्हा टोचले. पाच दिवसांत तेही संपले. संसर्ग उलटला आणि १५ मार्चला अलेक्झांडर गेला.

या घटनेकडे बहुतेक वेळा औषधाच्या टंचाईची गोष्ट म्हणून पाहिले जाते. औषधशास्त्राच्या दृष्टीने मात्र तिच्यातला लघवीचा तपशील जास्त बोलका आहे. दिलेल्या पेनिसिलिनचा मोठा भाग काही तासांत, जसाच्या तसा, मूत्रपिंडांतून बाहेर पडत होता. जिवंत जंतू अंगात आणि त्यांना मारणारे औषध बाटलीत, अशी ती अवस्था होती. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, सेफॅलोस्पोरिन गटातली सेफट्रायाक्झोन किंवा सेफेपिम, आयसीयूत रोज वापरली जाणारी पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम आणि मेरोपेनेम ही सगळी बीटा-लॅक्टम घराण्यातली औषधे. यांपैकी बहुतेकांचे अंगातले गणित आजही याच दोन गोष्टींवर चालते: ती रक्तात किती तास टिकतात आणि मूत्रपिंडे त्यांना किती वेगाने बाहेर काढतात.

जीवाणूच्या पेशीभोवती एक कणखर भिंत असते. पेशी वाढते तशी ही भिंत सतत उसवून नव्याने सांधावी लागते आणि हे सांधण्याचे काम काही ठरावीक प्रथिने गवंड्यासारखी करत असतात. बीटा-लॅक्टम औषध या गवंड्यांचेच हात धरून ठेवते. उसवणे चालू राहते, सांधणे थांबते आणि शेवटी पेशी फुटते. सगळे गवंडी अडकले की आणखी औषध ओतून फारसे काही साधत नाही, कारण धरायला हात उरलेले नसतात. प्रयोगांत असे दिसते की जंतूची वाढ थांबवायला लागणाऱ्या पातळीच्या चार-पाच पटीपर्यंत औषध वाढवले तर मारण्याचा वेग वाढतो. त्यापुढे तो जवळजवळ थबकतो. उलट औषधाची पातळी खाली गेली की नवी प्रथिने तयार होतात, भिंत पुन्हा उभी राहते, जंतू पुन्हा वाढू लागतात.

अमेरिकेतले हॅरी ईगल यांनी १९५० च्या सुमारास उंदीर आणि सशांवर पेनिसिलिनच्या वेगवेगळ्या वेळापत्रकांचे प्रयोग केले. पेनिसिलिन एकूण किती दिले यापेक्षा ते जंतुनाशक पातळीवर एकूण किती वेळ राहिले, यावर गुण अवलंबून असतो, हा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे १९८० च्या दशकात विस्कॉन्सिनमध्ये विल्यम क्रेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मांडीत संसर्ग घडवून, डोस आणि अंतर यांच्या अनेक जोड्या तपासून हे आकड्यांत बसवले. पेनिसिलिन गटासाठी दोन डोसांमधल्या वेळेपैकी साधारण ५० टक्के वेळ, सेफॅलोस्पोरिनसाठी ६० ते ७० टक्के आणि मेरोपेनेमच्या गटासाठी सुमारे ४० टक्के वेळ रक्तातले मोकळे औषध ठरावीक रेषेच्या वर राहिले, तर जंतू भरपूर मरतात. ‘मोकळे’ म्हणायचे कारण असे की काही औषधांचा बराच भाग रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेला असतो आणि तो जंतूंपर्यंत पोचत नाही. सेफट्रायाक्झोनचा जवळपास ९० टक्के भाग असा चिकटून राहतो, त्यामुळे ते हळूहळू बाहेर पडते आणि दिवसातून एकदा दिले तरी चालते. मेरोपेनेम जवळजवळ सगळेच मोकळे असते.

आता ही रेषा म्हणजे काय ते पाहू. कल्चर रिपोर्टवर औषधाच्या नावापुढे ‘एमआयसी’ म्हणून एक आकडा असतो. रुग्णाच्या रक्तातून किंवा लघवीतून वाढवलेला जंतू प्रयोगशाळेत औषधाच्या चढत्या पातळ्यांमध्ये ठेवतात: ०.५, १, २, ४, ८ मिलिग्रॅम प्रति लिटर, प्रत्येक पायरी आधीच्या दुप्पट. साधारण १८ ते २० तासांनी ज्या सर्वांत कमी पातळीला डोळ्यांना वाढ दिसत नाही, ती त्या जंतूची त्या औषधासाठीची एमआयसी. हा आकडा वाचताना एक चूक हमखास होते. रिपोर्टवर एका औषधापुढे ०.२५ आणि दुसऱ्यापुढे ४ दिसले की ०.२५ वाले औषध जास्त चांगले, असे वाटते. तसे नसते. प्रत्येक औषध रक्तात किती उंचीपर्यंत जाते ते वेगळे असते, त्यामुळे आकड्याची तुलना त्याच औषधाच्या मापाशी करायची, शेजारच्या औषधाशी नाही.

मेरोपेनेमचे उदाहरण घेऊन एक गणित सोडवून पाहिले की पुढचे सगळे सोपे होते. समजा, मूत्रपिंडे ठणठणीत असलेला एक प्रौढ रुग्ण आहे. मेरोपेनेम त्याच्या शरीरात सुमारे २० लिटर पाण्यात पसरते आणि दर तासाला त्याची पातळी निम्मी होते. या एका तासाला अर्धायुष्य म्हणतात. नेहमीच्या पद्धतीने १ ग्रॅम औषध अर्ध्या तासात दिले, तर ड्रिप संपते तेव्हा रक्तातली पातळी सुमारे ४२ मिलिग्रॅम प्रति लिटर असते. मग ती २१, साडेदहा, पाच, अडीच अशी दर तासाला निम्मी होत उतरते. पुढचा डोस आठ तासांनी येतो तोवर ती पाव मिलिग्रॅमच्या आसपास आलेली असते.

जंतूची एमआयसी २ असेल तर ही पातळी रेषेच्या वर जवळपास पाच तास राहते. आठपैकी पाच म्हणजे ६० टक्क्यांच्या वर. हवे होते ४०. उत्तम. पण जंतू निबर असेल आणि त्याची एमआयसी ८ असेल, तर तेच औषध रेषेच्या वर पावणेतीन तासच राहते, म्हणजे ३५ टक्के. उद्दिष्ट हुकले. उरलेले पाच तास जंतूंना मोकळे रान.

साहजिकच मनात येते, डोस दुप्पट करावा. १ ग्रॅमऐवजी २ ग्रॅम अर्ध्या तासात दिले, तर शिखर ८४ वर जाते. पण ८४ वरून ४२ वर यायला औषधाला एकच तास लागतो आणि तिथून पुढे सगळे पूर्वीसारखेच. म्हणजे दुप्पट औषध, दुप्पट खर्च, आणि हाती आला फक्त एक जादा तास. चौपट केले तर दोन तास. जे औषध दर तासाला निम्मे होते, त्याच्याशी डोस वाढवण्याच्या शर्यतीत जिंकता येत नाही.

दुसरा मार्ग असा. डोस १ ग्रॅमच ठेवायचा, पण अर्ध्या तासाऐवजी तीन तासांत द्यायचा. आता शिखर ४२ ऐवजी २१ वरच थांबते. पातळी ८ ची रेषा ओलांडायला सुरुवातीला सुमारे ३५ मिनिटे घेते, पण एकदा वर गेली की ड्रिप चालू असेपर्यंत वरच राहते आणि ड्रिप संपल्यावरही आणखी साधारण एक तास २५ मिनिटे टिकते. एकूण ३ तास ५० मिनिटे, म्हणजे ४८ टक्के. दुप्पट डोसाने जो तास विकत घ्यावा लागत होता, तो इथे एक पैसाही जादा न खर्चता मिळाला. जे शिखर आपण गमावले त्याचा उपयोगही नव्हता, कारण एमआयसीच्या चार-पाच पटींच्या वरचा भाग जंतूंना आणखी वेगाने मारत नव्हता. दोन्ही उपाय एकत्र केले, म्हणजे २ ग्रॅम तीन तासांत दिले, तर पाच तासांहून अधिक वेळ, ६४ टक्के, पदरात पडतो. अवघड जंतूंसाठी आयसीयूत मेरोपेनेम याच रीतीने देतात, ते यासाठी.

इथे अमिकासिनसारख्या औषधांची आठवण ठेवायला हवी. त्यांचे वागणे नेमके उलटे आहे: शिखर जितके उंच तितका मारा जोरदार, आणि म्हणून ती दिवसातून एकदाच, एकदम देतात. एकाच रुग्णाला दोन्ही चालू असतील, तर एक इंजेक्शन झटकन आणि दुसरे तीन तास का, याचे उत्तर त्यात आहे.

हळू द्यायचेच, तर मग चोवीस तास अखंड का देऊ नये? तसेही केले जाते. वरच्याच रुग्णाला दिवसाचे ३ ग्रॅम अखंड दिले तर पातळी ९ मिलिग्रॅमच्या आसपास स्थिरावते, म्हणजे ८ च्या रेषेच्या थोडी वर आणि पूर्ण वेळ वर. शंभर टक्के. पण यात एक गोम आहे. रुग्ण अपघातातून आलेला तरुण असेल, अंगात दाह असेल, हृदय जोरात रक्त ढकलत असेल, तर त्याची मूत्रपिंडे नेहमीपेक्षा जास्त वेगाने औषध फेकू शकतात. क्रिएटिनिन क्लिअरन्स मिनिटाला १३० मिलिलिटरच्या वर गेला तर डॉक्टर त्याला वाढीव निचरा म्हणतात. अशा रुग्णात हा वेग दुप्पट झाला तर तेच अखंड ३ ग्रॅम साडेचारवर स्थिरावतील. म्हणजे पूर्ण वेळ रेषेच्या खाली. अधूनमधून दिलेल्या डोसाला निदान काही काळ तरी रेषेच्या वर काढता येतो. अखंड ड्रिपचा हिशेब चुकला तर तो चोवीस तास चुकतो. शिवाय अशा तरुणाचे क्रिएटिनिन ०.६ आलेले पाहून सगळे निश्चिंत असतात. औषध कमी पडत असेल अशी शंका तिथे सहसा कोणाला येत नाही.

दुसरी अडचण सुरुवातीची. अखंड ड्रिपने पातळी वर चढायला तीन-चार तास लागतात आणि सेप्सिसच्या रुग्णाकडे नेमके तेच तास नसतात. म्हणून पहिला डोस नेहमीसारखा अर्ध्या तासात पूर्ण द्यायचा आणि त्यानंतर हळू ड्रिप सुरू करायची. सेप्सिसच्या उपचारांसाठी २०२१ साली निघालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही हाच क्रम सुचवला आहे.

कागदावर इतके नेटके दिसणारे गणित वॉर्डात तीन-चार साध्या गोष्टींनी बिघडते. मेरोपेनेम पाण्यात कालवले की हळूहळू विघटित होऊ लागते आणि उष्णतेत हे झपाट्याने होते. वातानुकूलित आयसीयूत तीन तासांची ड्रिप निभावते. एप्रिल-मेमध्ये विदर्भातल्या एखाद्या पंखे असलेल्या वॉर्डात सकाळी कालवलेली बाटली दुपारपर्यंत लटकत ठेवली, तर रुग्णाला मिळणारे औषध लेबलावर लिहिले आहे तेवढे उरत नाही. त्यामुळे हे औषध २४ तासांचे एकदम कालवून ठेवायचे नसते. दर वेळी ताजे कालवावे लागते. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम त्या मानाने टिकाऊ आहे, चार तासांच्या ड्रिपला ते नीट साथ देते.

मग नळीचा प्रश्न. सलाईनच्या साध्या आयव्ही सेटच्या नळीत १५-२० मिलिलिटर द्रव मावतो. १०० मिलिलिटरची ड्रिप ‘संपली’ म्हणून सिस्टरने सेट काढून टाकला, तर १५-२० टक्के डोस नळीतून कचऱ्याच्या डब्यात जातो. फाइलवर १ ग्रॅम दिल्याची सही असते, रुग्णाच्या अंगात गेलेले असतात ८०० मिलिग्रॅम. ड्रिप संपल्यावर थोडे सलाईन सोडून नळी धुऊन घेतली की हा तोटा टळतो. ही कृती एका मिनिटाची आहे आणि तिला कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. तरीही ती सुटते, कारण अर्ध्या तासाच्या मोठ्या ड्रिपच्या सवयीत नळीतल्या उरलेल्या थेंबांकडे कोणाचे लक्षच नसते. तीन तास एक नस अडकून पडते हीही खरी अडचण आहे. त्याच नळीतून दुसरी औषधे सोडली तर ती एकमेकांशी जुळतीलच असे नाही.

एवढे सगळे करून रुग्ण वाचतात का? यावर बरीच वर्षे वाद होता. न्यूयॉर्क राज्यातल्या अल्बनी इथे पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम चार तासांत देण्याचा प्रयोग झाला. त्याच्या २००७ साली छापलेल्या निष्कर्षांत, स्यूडोमोनासच्या सर्वांत गंभीर रुग्णांमध्ये १४ दिवसांतला मृत्युदर ३१.६ टक्क्यांवरून १२.२ टक्क्यांवर आल्याचे दिसले. पण तो जुन्या नोंदींची तुलना करणारा, एकाच रुग्णालयातला अभ्यास होता. २०२३ साली मेरोपेनेमवर झालेल्या एका चाचणीत ६०७ रुग्ण होते. अखंड आणि अधूनमधून देण्यात काही फरक आढळला नाही.

मग २०२४ मध्ये ‘ब्लिंग थ्री’ ही आजवरची सर्वांत मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. सात देशांतली १०४ आयसीयू, सात हजारांहून अधिक रुग्ण. अखंड ड्रिप मिळालेल्यांपैकी ९० दिवसांत २४.९ टक्के दगावले, नेहमीच्या पद्धतीने औषध घेतलेल्यांपैकी २६.८ टक्के. संख्याशास्त्राच्या काटेकोर कसोटीवर हा फरक थोडक्यात अपुरा ठरला. पण त्याच वेळी १८ चाचण्यांमधल्या ९,१०८ रुग्णांचा हिशेब एकत्र मांडला गेला, तेव्हा मृत्युदर कमी होतो हे बरेच ठामपणे दिसले. फायदा चमत्काराइतका मोठा नाही, आणि तसा असणारही नव्हता. एमआयसी अर्धा असलेल्या मऊ जंतूला अर्ध्या तासाची ड्रिपही पुरते. हळू ड्रिपची खरी कमाई रेषेच्या आसपासच्या निबर जंतूंमध्ये आहे. ज्या उपायाला जादा औषध लागत नाही, त्याने शंभरात एक-दोन जीव जरी वाचत असतील, तरी गंभीर रुग्णासाठी तो वापरायलाच हवा.

आता मूत्रपिंडे बंद पडतात तेव्हा काय होते ते पाहू. निरोगी माणसात मेरोपेनेमचा सुमारे ७० टक्के भाग बारा तासांत लघवीतून जसाच्या तसा बाहेर पडतो. मूत्रपिंडे जवळजवळ थांबली की एका तासाचे अर्धायुष्य सात तासांच्या घरात किंवा त्यापुढे जाते. अशा रुग्णाला दर आठ तासांनी १ ग्रॅम देत राहिले, तर एक डोस बाहेर पडायच्या आतच दुसरा येतो, मग तिसरा. दोन-तीन दिवसांत सर्वांत खालची पातळी, म्हणजे पुढचा डोस देण्याआधीची, ४० च्या वर जाऊन बसते. निरोगी माणसात जे शिखर होते ते इथे तळ होते.

याच रुग्णाला चोवीस तासांतून एकदा ५०० मिलिग्रॅम दिले तर? सुरुवातीची पातळी २५, सात तासांनी साडेबारा, चौदा तासांनी सहा, पुढच्या डोसाच्या वेळी २ च्या थोडी वर. म्हणजे एमआयसी २ असलेल्या जंतूसाठी पूर्ण दिवस रेषेच्या वर. एमआयसी ८ असली तरी जवळपास निम्मा दिवस. निरोगी माणसाला दिवसाला ३ ग्रॅम देऊन, तेही तीन-तीन तास ड्रिप लावून जे साधले, ते इथे अर्ध्या ग्रॅममध्ये साधले. जे मूत्रपिंड इतका वेळ शत्रूसारखे वाटत होते, त्याच्या गैरहजेरीने औषधाला तास मिळवून दिले. म्हणूनच मेरोपेनेमच्या माहितीपत्रकात क्लिअरन्स ५० च्या वर असेल तर पूर्ण डोस दर आठ तासांनी, २६ ते ५० असेल तर तोच डोस दर बारा तासांनी, १० ते २५ असेल तर निम्मा डोस दर बारा तासांनी आणि १० च्या खाली निम्मा डोस दिवसातून एकदा, अशी उतरंड दिलेली आहे.

हा क्लिअरन्स काढायला १९७६ सालचे कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांचे सूत्र अजून वापरात आहे. १४० मधून वय वजा करायचे, त्याला किलोतल्या वजनाने गुणायचे आणि क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागायचे; स्त्री असेल तर आलेल्या उत्तराचे ८५ टक्के. सत्तर वर्षांच्या, ५० किलो वजनाच्या बाईंचे क्रिएटिनिन २.८ असेल तर उत्तर येते मिनिटाला सुमारे १५ मिलिलिटर. म्हणजे निम्मा डोस दर बारा तासांनी. याच बाईंचे क्रिएटिनिन १.२ असते तर क्लिअरन्स सुमारे ३४ आला असता. पुष्कळांना १.२ हा आकडा ‘नॉर्मल’ वाटतो. वय आणि वजन विचारात घेतल्यावर तो तसा राहत नाही.

पण सूत्राची मर्यादा मोठी आहे. क्रिएटिनिन हा मागून येणारा निरोप आहे. आज पहाटे लघवी थांबलेल्या रुग्णाचे क्रिएटिनिन सकाळी १.३ असू शकते, जरी त्याची मूत्रपिंडे त्या क्षणी काहीच गाळत नसली. तीन दिवसांनी मूत्रपिंडे सावरू लागतात तेव्हा उलटे होते: लघवी भरपूर होत असते, तरी क्रिएटिनिन अजून तीनवरच दिसते. महिनाभर अंथरुणाला खिळून स्नायू झिजलेल्या वृद्धाचे क्रिएटिनिन ०.६ येते आणि मूत्रपिंडे आहेत त्यापेक्षा चांगली भासतात. म्हणून तासागणिक लघवी किती होते हे मोजणे आणि रोज हिशेब नव्याने मांडणे, याला पर्याय नाही.

इथेच सर्वांत महागात पडणारी गफलत होते. सेप्सिसचा रुग्ण येतो, क्रिएटिनिन ३ असते आणि पहिल्याच डोसाला कात्री लागते. वास्तविक पहिला डोस मूत्रपिंडांवर ठरतच नाही. तो ठरतो औषध किती पाण्यात पसरणार यावर, आणि सेप्सिसच्या रुग्णात हे पाणी कमी नसते, उलट वाढलेले असते. रक्तवाहिन्या गळत असतात, त्यात तीन-चार लिटर सलाईन चढवलेले असते. त्यामुळे मूत्रपिंडे कशीही असोत, पहिला डोस पूर्णच द्यायचा. कात्री लावायची ती पुढच्या डोसांना. आणि तीही जरा थांबून. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत, संसर्गासह दाखल होताना ज्यांची मूत्रपिंडे बिघडलेली होती, त्यांपैकी ५७ टक्के रुग्णांची ती ४८ तासांत सावरली. म्हणजे पहिल्या दिवशीच डोस कापला तर अर्ध्याहून अधिक जणांना, नेमक्या निर्णायक दोन दिवसांत, कमी औषध मिळते. मेरोपेनेमसारख्या बऱ्यापैकी निर्धोक औषधाचे दोन दिवस थोडे जास्त जाणे हे संसर्ग हाताबाहेर जाण्यापेक्षा केव्हाही परवडते.

जुन्या किडनीविकाराचा रुग्ण ही वेगळी गोष्ट. त्याची मूत्रपिंडे ४८ तासांत सावरणार नसतात, आणि तिथे डोस न कापणे घातक ठरते. सेफेपिम हे याचे ठळक उदाहरण. त्याचा सुमारे ८५ टक्के भाग लघवीतून जातो; निरोगी माणसातले त्याचे दोन तासांचे अर्धायुष्य डायलिसिसच्या रुग्णात साडेतेरा तासांवर जाते. साठलेले सेफेपिम मेंदूत शिरते आणि मेंदूला शांत ठेवणाऱ्या संदेशवहनात अडथळा आणते. साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी रुग्ण गोंधळतो, एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणतो, विचारलेले कळत नाही, हातपाय मधूनच झटका बसल्यासारखे उडतात. ताप तर उतरलेला असतो. मग हे युरिया वाढल्यामुळे, वयामुळे, आयसीयूच्या वातावरणामुळे, असे म्हणत दिवस जातात. मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी काढला तर कधी कधी दिसते की बाहेरून झटके न दिसताही आत मेंदूत फिट चालूच आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०१२ मध्ये यावर इशारा दिला. तोवर नोंदल्या गेलेल्या अशा ५९ रुग्णांपैकी ५८ जणांची मूत्रपिंडे बिघडलेली होती आणि बहुतेकांना त्या मानाने जास्त डोस चालू होता. उपचार सोपा आहे: औषध थांबवायचे, गरज पडल्यास डायलिसिस करायचे. बहुतेक रुग्ण दोन-तीन दिवसांत ताळ्यावर येतात. अडचण उपचाराची नाही, संशय येण्याची आहे.

रक्तातली औषधाची पातळी थेट मोजली तर या सगळ्या अंदाजांची गरज कमी होते. पण ही तपासणी थोड्याच ठिकाणी होते आणि तिचे उत्तर उशिरा आले तर त्याचा उपयोग राहत नाही. तोवर घड्याळ, वजनकाटा आणि लघवीचे माप हीच साधने.

आयसीयूच्या बाहेर, घरी गोळ्या घेणाऱ्यालाही हेच लागू आहे. अमॉक्सिसिलिनचे अर्धायुष्य सुमारे एक तासाचे. डॉक्टर ‘दिवसातून तीनदा’ लिहितात. घरात ते सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री आठ असे होते. दोन डोसांमध्ये सहा-सहा तास आणि मग रात्रीचे सलग बारा तास औषधाविना. सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहा असे घेतले तर त्याच तीन गोळ्या आठ-आठ तासांवर बसतात.

घरातला कोणी किडनीविकाराचा रुग्ण ताप येऊन रुग्णालयात दाखल होत असेल, तर नातेवाइकांनी तीन गोष्टी दाखल होतानाच सांगाव्यात आणि शक्य तर कागदावर लिहून द्याव्यात: आजारापूर्वीचे शेवटचे क्रिएटिनिन, रुग्णाचे खरे वजन आणि डायलिसिस चालू असेल तर त्याचे वार. मेरोपेनेम डायलिसिसमध्ये धुऊन जाते, म्हणून त्या दिवशीचा डोस डायलिसिसनंतर द्यायचा असतो; वार माहीत नसेल तर तो नेमका आधी दिला जातो. आणि औषध चालू असताना रुग्ण अचानक असंबद्ध बोलू लागला किंवा त्याचे हात उडू लागले, तर ‘वयामुळे असेल’ म्हणून गप्प बसू नये. कोणते अँटिबायोटिक चालू आहे आणि त्याचा डोस किडनीप्रमाणे ठरवला आहे का, हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे.